‘तीस दिवस’ कधीपासून मोजायचे?

समजा, कोल्हापुरात एक तरुणी आहे. ती मराठीतून पाककृतींच्या रील करते. इन्स्टाग्रामवर लाखभर लोक तिला फॉलो करतात, यूट्यूबवर थोडे कमी. २०२४च्या दिवाळीआधी एका मसाल्याच्या ब्रँडने तिच्याकडून फराळाची मालिका करून घेतली. दोन रील, एक मोठा यूट्यूब व्हिडिओ आणि चार स्टोऱ्या असे काम होते, मानधन १,२०,००० रुपये. ३ सप्टेंबरला करारावर सह्या झाल्या आणि ३६,००० रुपयांचा ॲडव्हान्स टीडीएस कापून खात्यात आला. उरलेले ८४,००० काम झाल्यावर मिळायचे होते.

शेवटची रील १८ ऑक्टोबरला लागली. २१ ऑक्टोबरला तिने बिल आणि सोबत आकडेवारीचे स्क्रीनशॉट मेलने पाठवले. लक्ष्मीपूजन झाले, फराळाचे डबे रिकामे झाले, तुळशीचे लग्नही लागले. पैसे काही आले नाहीत.

हे उदाहरण समजावण्यासाठी रचलेले आहे. त्यातले कायदे, टक्केवारी आणि दिवसांचा हिशोब मात्र खरा आहे. कॅम्पेनचे पैसे अडकले की क्रिएटरचे काम बहुतेक वेळा एकाच प्रश्नावर येऊन थांबते: करारात लिहिलेले ‘तीस दिवस’ नेमके कोणत्या तारखेपासून सुरू झाले? त्याचे उत्तर कागदावर दाखवता आले, तर मागणीला धार येते. नाहीतर महिनोन्‌महिने नुसते फोन होतात.

कलम वाचताना

तिच्या करारातले पैशाचे कलम, ६.२, असे होते: ‘योग्य बिल आणि कॅम्पेनचा अहवाल मिळाल्यापासून ३० दिवसांत उर्वरित रक्कम दिली जाईल.’ सही करताना तिची नजर ‘३० दिवस’वर गेली आणि तिथेच थांबली. वाद मात्र पुढे ‘योग्य’ या शब्दावरून झाला.

अशा करारांत दिवस मोजण्याची सुरुवात चार-पाच प्रकारे लिहिलेली आढळते. पोस्ट लागल्यापासून, हा क्रिएटरच्या दृष्टीने सगळ्यात सोपा प्रकार, कारण पोस्टची तारीख सगळ्या जगाला दिसते. बिल मिळाल्यापासून, हाही बरा, कारण मेलवर तारीख आणि वेळ असते. ‘बिल मंजूर झाल्यापासून’ म्हटले की किल्ली समोरच्याच्या खिशात गेली, कारण मंजूर कधी करायचे ते तोच ठरवणार. ‘कॅम्पेन संपल्यापासून’ म्हटले की तुमची रील ऑक्टोबरात लागली असली, तरी ब्रँडचे कॅम्पेन संक्रांतीपर्यंत चालू राहू शकते. आणि करार एजन्सीशी असेल, तर बऱ्याचदा शेवटचा प्रकार भेटतो: ‘क्लायंटकडून पैसे आल्यावर’. म्हणजे ज्या ब्रँडशी तुमचा करारच नाही, त्याच्या उधारीचा भार तुमच्या डोक्यावर.

म्हणून पैसे मागण्याआधी करार उघडून तीन गोष्टी एका कागदावर उतरवायच्या: पैसे देण्याचे कलम कितवे, दिवस कशापासून मोजायचे, आणि ती घटना घडल्याचा पुरावा कोणता. आपल्या कोल्हापूरच्या क्रिएटरसाठी ते उत्तर असे: कलम ६.२, बिल व अहवाल मिळाल्यापासून, २१ ऑक्टोबरचा मेल. त्यात ३० दिवस मिळवले की २० नोव्हेंबर २०२४. त्या दिवशीचे कामकाज संपले आणि २१ तारखेपासून रक्कम थकीत झाली.

याच कागदावर चौथी नोंदही हवी: पैसे देणे लागतो कोण? तिचे सगळे बोलणे एका मुंबईच्या एजन्सीतल्या मुलाशी झाले होते. स्क्रिप्ट त्याने तपासली, रीलमध्ये बदल त्याने सुचवले, बिलही त्यालाच गेले. पण करारावर सही ब्रँडच्या मालक कंपनीची होती. एजन्सी फक्त काम बघत होती. शिवाय मसाल्याच्या पाकिटावर छापलेले नाव हे ब्रँडचे. कायद्याच्या लेखी देणेकरी ती कंपनी, जिचे पूर्ण नाव कराराच्या पहिल्या परिच्छेदात आणि पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत असते. बिल त्याच नावाने आणि मागणीही त्याच नावाने करावी लागते. करार एजन्सीशी असता, तर मागणी एजन्सीकडेच करावी लागली असती, मग ब्रँड कितीही मोठा असो.

बिल आत जाऊन कुठे अडते

बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, पैसे मुद्दाम दाबून ठेवलेत. कधी तसे असतेही. पण मोठ्या कंपनीत बिल अडकण्याची सर्वसाधारण जागा वेगळी असते.

लेखा विभाग तीन कागद जुळवून बघतो. पहिला पर्चेस ऑर्डर, म्हणजे पीओ. दुसरा, काम मिळाल्याची नोंद. मसाल्याची पोती आली तर गोदामवाला ती नोंद करतो. रील आली तर मार्केटिंगमधल्या कोणीतरी ‘सेवा मिळाली’ अशी नोंद प्रणालीत करावी लागते. तिसरा कागद म्हणजे आपले बिल. तिन्हींची रक्कम, नाव आणि पीओ क्रमांक जुळले, तरच बिल पेमेंटच्या यादीत चढते. त्या मार्केटिंगच्या माणसाने नोंद करायची राहून गेली, किंवा मध्येच नोकरी बदलली, तर लेखा विभागाच्या पडद्यावर तुमचे काम झालेलेच नसते. त्यात व्हेंडर कोड उघडलेला नाही, पॅनवरचे नाव आणि बँक खात्यावरचे नाव यांत फरक आहे, असल्या अडचणी वेगळ्या.

म्हणून पहिल्या पाठपुराव्यात ‘पेमेंट कधी होणार?’ असे विचारू नये. त्याला ‘प्रोसेसमध्ये आहे, मॅम’ हे ठरलेले उत्तर येते. त्याऐवजी विचारावे: ‘बिल क्रमांक १७ तुमच्याकडे नोंदले गेले का? कोणत्या पीओसमोर? काम मिळाल्याची नोंद झाली का? नसेल तर ती कोणी करायची?’ या प्रश्नांना ‘प्रोसेस’ म्हणून निसटता येत नाही. उत्तर द्यायचे तर उठून बघावे लागते.

आपल्या क्रिएटरने नोव्हेंबरात दोनदा ‘कधी होणार’ विचारले आणि दोनदा ‘प्रोसेसमध्ये’ ऐकले. डिसेंबरात कळले, ब्रँडकडचा कॅम्पेन मॅनेजर नोकरी सोडून गेला. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एजन्सीतल्या मुलाचा फोन आला.

‘मॅम, तुमच्या बिलावर पीओ नंबरच नाहीये. फायनान्स म्हणतंय, इनव्हॉइस व्हॅलिड नाही. तुम्ही आजच्या तारखेचं नवीन बिल पाठवा ना, लगेच करून टाकतो.’

‘लगेच म्हणजे?’

‘म्हणजे… बिल आल्यापासून तीस दिवस.’

तिने रात्री घराजवळच्या कर सल्लागारांना फोन लावला. ‘काका, नवीन तारखेचं बिल देऊन टाकू का? निदान विषय तरी संपेल.’

‘अजिबात देऊ नकोस, पोरी,’ ते म्हणाले. ‘पीओ नंबर घाल, पण बिलाचा नंबर तोच आणि तारीखही तीच. तारीख बदललीस की उशीर तुझ्याच सहीने पुसला गेला.’

हा सल्ला नीट समजून घेण्यासारखा आहे. नव्या तारखेचे बिल दिले, की कलम ६.२ मधले ‘बिल मिळाल्यापासून’ पुन्हा शून्यावर येते. २१ नोव्हेंबरपासून थकलेली रक्कम फेब्रुवारीपर्यंत थकलेलीच नाही, असे कागद सांगू लागतो. शिवाय आधीचे बिल चुकीचे होते, हेही आपण मान्य केल्यासारखे होते. योग्य रीत अशी, की त्याच बिलाची सुधारित प्रत द्यायची आणि वर लिहायचे: ‘मूळ बिल क्र. १७, दि. २१ ऑक्टोबर २०२४. केवळ पीओ क्रमांक जोडला आहे. मूळ तारीख व देय दिनांक कायम.’ समोरच्याची खरी अडचण सुटते आणि आपली तारीख शाबूत राहते.

कायद्याचे पंचेचाळीस दिवस

इथे प्रश्न उरतो. करारात ‘योग्य बिल’ म्हटले होते आणि पीओ क्रमांक नसलेले बिल योग्य नव्हते, असे कंपनी अडून बसली तर?

त्याला उत्तर २००६ साली संसदेने केलेल्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यात आहे. त्याचे कलम १५ म्हणते, की सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल वा सेवा घेणाऱ्याने करारात ठरलेल्या तारखेपर्यंत पैसे द्यावेत, आणि ती तारीख काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पलीकडे असता कामा नये. करारात ६० किंवा ९० दिवस लिहिले, दोन्हीकडून सह्या झाल्या, तरी ही मर्यादा ओलांडता येत नाही. लेखी काही ठरलेच नसेल, तर मुदत १५ दिवसांची.

त्यातला ‘स्वीकारल्यापासून’ हा शब्दही कायद्याने मोकळा सोडलेला नाही. सेवा दिल्यापासून १५ दिवसांत घेणाऱ्याने लेखी हरकत घेतली नाही, तर सेवा ज्या दिवशी दिली त्याच दिवशी ती स्वीकारली असे धरले जाते. इथे मोजणी कामापासून होते, बिलापासून नाही. रील १८ ऑक्टोबरला लागली. २ नोव्हेंबरपर्यंत ‘रील चुकली’, ‘लोगो दिसत नाही’, असा एकही मेल आला नाही. म्हणजे १८ ऑक्टोबरलाच काम स्वीकारले गेले, आणि त्यापासून ४५ दिवस २ डिसेंबरला संपले. ‘योग्य बिल’ या शब्दाचा कंपनी लावील तो अर्थ मान्य केला, तरी तारीख २ डिसेंबरच्या पुढे सरकत नाही.

उशिराला व्याजही आहे. कलम १६ नुसार ते रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने लागते, करारात व्याजाविषयी काही लिहिलेले असो वा नसो. त्या काळात बँक रेट ६.७५ टक्के होता, म्हणजे व्याज वर्षाला २०.२५ टक्के. २१ नोव्हेंबर ते २० जानेवारी या दोन महिन्यांचा हिशोब करू. पहिल्या महिन्याचे ८४,००० वर सुमारे १,४१७ रुपये, दुसऱ्या महिन्याचे वाढलेल्या रकमेवर सुमारे १,४४१. एकूण २,८५९ रुपये. रक्कम छोटी आहे. पण लेखा विभागाच्या दृष्टीने बाकीपुढे व्याजाचा आकडा लागला, की ती बाब ‘कधीतरी देऊ’च्या खणातून ‘रोज वाढणारे देणे’ या खणात जाते.

मात्र याला मोठी अट आहे. हे संरक्षण ‘उद्यम’ नोंदणी असलेल्यांना मिळते. क्रिएटर एकटा काम करत असला, तरी सेवा देणारा उद्योग म्हणून आधार आणि पॅनवर सरकारी संकेतस्थळावर नोंदणी करू शकतो. तिला शुल्क नाही. पण ती आधी केलेली हवी. पैसे अडकल्यावर घाईने नोंदणी करून जुन्या व्यवहाराला लाभ मागितला, तर तो मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ आणि २०२२च्या निकालांत म्हटले आहे. आपल्या क्रिएटरने २०२३ मध्ये कॅमेऱ्यासाठी कर्ज काढताना बँकेच्या सांगण्यावरून नोंदणी केली होती. पुढे तो कागद तिच्या कपाटात पडून होता आणि बिलावर क्रमांक छापायचे तिला कधी सुचले नव्हते. सुधारित प्रतीवर तिने तो छापला.

मागणीचे पत्र

२० जानेवारीला तिने मेल पाठवला. व्हॉट्सॲपवर नाही आणि एजन्सीच्या मुलालाही नाही. करारात शेवटी ‘सूचना’ नावाचे एक कलम असते, त्यात अधिकृत पत्रव्यवहाराचा मेल आणि पत्ता दिलेला असतो. पत्र तिथे, प्रत वित्त प्रमुखांना आणि एजन्सीला. तीच प्रत स्पीड पोस्टाने कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर. पत्र इंग्रजीत होते. त्याचा मराठी मजकूर असा:

*विषय: बिल क्र. १७, दि. २१ ऑक्टोबर २०२४, बाकी रु. ८४,०००, देय दिनांक २० नोव्हेंबर २०२४*

*आपली कंपनी व मी यांच्यात ३ सप्टेंबर २०२४ रोजी झालेल्या करारानुसार ठरलेले सर्व काम १८ ऑक्टोबर २०२४ रोजी पूर्ण झाले. दुवे व आकडेवारी सोबत जोडली आहे. बिल व अहवाल २१ ऑक्टोबर रोजी मेलने दिले. कामाबद्दल पंधरा दिवसांत कोणतीही लेखी हरकत आलेली नाही.*

*कराराच्या कलम ६.२ नुसार बाकी रक्कम २० नोव्हेंबरपर्यंत मिळायला हवी होती. माझी उद्यम नोंदणी कराराच्या आधीची आहे. प्रमाणपत्र सोबत आहे. २००६ च्या कायद्याच्या कलम १६ नुसार आजपर्यंतचे व्याज रु. २,८५९ होते. हिशोब सोबत आहे.*

*पीओ क्रमांक जोडलेली सुधारित प्रत पाठवत आहे. मूळ तारीख कायम आहे.*

*कृपया ३१ जानेवारी २०२५ पर्यंत रक्कम जमा करावी. एखाद्या भागाबद्दल वाद असल्यास तो कोणता ते लेखी कळवावे आणि वाद नसलेली रक्कम त्याच तारखेपर्यंत द्यावी. तसे न झाल्यास मी सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे अर्ज करेन.*

पत्रात काय नाही, तेही बघा. तिने किती रात्री जागून काढल्या, घरचे काय म्हणाले, ब्रँडवर तिचा किती विश्वास होता, यातले एक अक्षर त्यात नाही. हे सगळे खरे असेल, पण पत्र वाचणाऱ्या लेखापालाच्या हातात त्याचा उपयोग नाही. त्याला वरिष्ठांकडे पाठवण्यासाठी कलम, तारीख, रक्कम आणि जोडपत्रे लागतात. ‘वाद नसलेली रक्कम द्या’ हे वाक्यही मुद्दाम घातलेले आहे. एका स्टोरीवरून भांडण असेल, तर त्यापायी पूर्ण ८४,००० अडवता येऊ नयेत.

पुराव्याबाबत एक इशारा. स्टोरी २४ तासांत गायब होते. ती लावली त्याच दिवशी तारखेसह स्क्रीनशॉट आणि आकडेवारी काढून ठेवली नाही, तर ‘चार ठरल्या होत्या, तीनच लागल्या’ या आरोपाला नंतर उत्तर देणे जड जाते.

सव्वीस-एएस मधली ओळ

३१ जानेवारीपर्यंत पैसे आले नाहीत. उत्तर मात्र आले, आणि तेही लेखी: ‘पूर्वीचे बिल अवैध असल्याने ते आमच्या हिशोबात घेतलेले नव्हते.’

फेब्रुवारीच्या मध्यावर त्याच काकांनी तिचा फॉर्म २६एएस उघडला. आपल्या पॅनवर कोणी किती कर कापून भरला, ते त्यात दिसते. त्यात दोन ओळी त्या कंपनीच्या होत्या. पहिली सप्टेंबरची, ३६,००० वर ३,६०० रुपये कापल्याची. दुसरी ३१ ऑक्टोबर २०२४ची, ८४,००० वर ८,४०० रुपये.

याचा अर्थ असा. टीडीएस पैसे देताना किंवा ती रक्कम देणे म्हणून खात्यात दाखवताना, यांपैकी जे आधी होईल तेव्हा कापावा लागतो. ऑक्टोबर ते डिसेंबर या तिमाहीचे विवरण कंपन्या ३१ जानेवारीपर्यंत भरतात, म्हणून ती नोंद क्रिएटरला फेब्रुवारीत दिसते. कंपनीने पैसे दिले नव्हते. मग कर कापला तो कशावर? ३१ ऑक्टोबरला ८४,००० रुपये तिचे देणे आहेत, असे स्वतःच्या पुस्तकात लिहिल्यावर. जे बिल ‘हिशोबात घेतलेलेच नव्हते’, त्यावरचा कर सरकारी खात्यात पोचला होता.

एवढ्या एका ओळीने वाद जिंकला जात नाही. काही वेळा कंपन्या खर्चाची ढोबळ तरतूद करतात आणि त्यावर कर कापतात. पण दोन रुपयांचाही फरक नसलेली रक्कम, तोच पॅन आणि बिलानंतरची तारीख अशी ओळ समोर ठेवली, की ‘आम्हाला माहीतच नव्हते’ म्हणणे अवघड होते. अडकलेल्या प्रत्येक पेमेंटसाठी हा फॉर्म बघावा. तिथे नोंद नसेल, तर बिल बहुधा मार्केटिंगच्या टेबलावरून पुढेच गेलेले नाही, आणि पाठपुरावा तिथे करायला हवा.

काकांनी दुसरी गोष्टही दाखवली. कॅलेंडर. मार्च जवळ आला होता. २०२३च्या वित्त कायद्याने आयकर कायद्यात ४३बी(एच) ही तरतूद आली. सूक्ष्म वा लघु उद्योगाचे पैसे कलम १५ च्या मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च कंपनीला पैसे प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षातच दाखवता येतो. ३१ मार्च २०२५ पर्यंत ८४,००० दिले नाहीत, तर त्या वर्षीच्या उत्पन्नातून ते वजा होणार नाहीत. कर २५ टक्क्यांच्या आसपास धरला, तर त्या वर्षापुरता सुमारे २१,००० रुपये जास्त कर. पैसे पुढच्या वर्षी दिल्यावर ही वजावट मिळते, म्हणजे तो कायमचा तोटा नाही. पण व्याजाची वजावट मात्र कधीच मिळत नाही, आणि लेखापरीक्षक मार्चअखेर अशा थकबाक्यांची यादी मागतातच. २४ फेब्रुवारीला तिने २६एएसची प्रत जोडून दुसरा मेल टाकला आणि त्यात या तरतुदीचे एक वाक्य घातले.

तिने काय केले नाही

मधल्या काळात मैत्रिणींनी दोन सल्ले दिले. एक, रील काढून टाक. दोन, स्टोरीवर ब्रँडचे नाव घेऊन सगळे सांग. दोन्ही तिने टाळले, आणि त्याचे कारण करारातच होते. रील किमान सहा महिने ठेवायची अट होती. ती काढली असती, तर करार मोडणारी ती ठरली असती आणि कंपनीला पैसे अडवायला खरे कारण मिळाले असते. नाव घेऊन लिहिण्याबाबत गोपनीयतेचे कलम होते. शिवाय त्या रीलवर जाहिरात असल्याचे ‘पेड पार्टनरशिप’ लेबल होते. काम पैसे घेऊन करायचे ठरले होते, याचा तो जाहीर पुरावा. तो स्वतःच्या हाताने कोण पुसेल?

मार्चमध्येही पैसे आले नसते, तर पुढचा टप्पा सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेचा होता. केंद्र सरकारच्या संकेतस्थळावरून उद्यम क्रमांक, करार आणि बिल जोडून अर्ज करता येतो. परिषद आधी तडजोड घडवते, ती झाली नाही तर लवाद म्हणून निकाल देते. कंपनी गुरुग्रामला असो की बेंगळुरूला, अर्ज क्रिएटर जिथे आहे त्या भागातल्या परिषदेकडे करता येतो. हा लहान गावातल्या माणसासाठी मोठा दिलासा आहे. निकालाविरुद्ध न्यायालयात जायचे, तर कंपनीला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. कायद्यात निकालाची मुदत ९० दिवसांची असली, तरी प्रत्यक्षात वेळ बराच जास्त लागतो, हे धरून चालावे.

उद्यम नोंदणी नसलेल्या क्रिएटरलाही मार्ग आहे, पण तो लांबचा. वकिलाची नोटीस, आणि लेखी करारात रक्कम ठरलेली असेल तर दिवाणी न्यायालयात संक्षिप्त दावा. देय तारखेपासून तीन वर्षांत दावा दाखल व्हायला हवा. ‘कंपनीला दिवाळखोरीत खेचतो’ ही धमकी मात्र अशा रकमेला लागू पडत नाही. त्यासाठी थकबाकी किमान एक कोटी रुपयांची लागते, आणि हे कंपनीचा वकील पहिल्याच उत्तरात सांगतो.

शेवटचा मेल

१२ मार्चला तिच्या खात्यात ७५,६०० रुपये जमा झाले. ८,४०० चा टीडीएस आधीच भरलेला होता, म्हणजे मुद्दल पूर्ण आली. व्याज आले नाही. दोन तासांनी मेल आला: ‘ही रक्कम अंतिम व संपूर्ण हिशोबापोटी मिळाली, असे कृपया कळवावे.’

हे वाक्य निरुपद्रवी दिसते. त्याला ‘हो’ म्हटले, की व्याजावरचा हक्क सुटतो. तिने थोडा विचार केला. एव्हाना व्याज पाच हजारांच्या पुढे गेले होते, त्यासाठी परिषदेत जाण्याची तिची तयारी नव्हती, पण तो हक्क फुकट सोडायचाही नव्हता. तिने उत्तर दिले: ‘बिल क्र. १७ ची मुद्दल मिळाली. व्याजाचा हक्क राखून ठेवत आहे. पुढील कॅम्पेनच्या करारात पैशाच्या कलमात बदल मान्य केल्यास ते व्याज सोडायला तयार आहे.’

कंपनीला गुढीपाडव्यासाठी श्रीखंडाची रील हवी होती. बदल मान्य झाला. नव्या करारातले कलम ६.२ असे आहे: ‘शेवटची पोस्ट लागल्यापासून ३० दिवसांत उर्वरित रक्कम दिली जाईल. बिलाबाबत कोणतीही त्रुटी असल्यास ती ७ दिवसांत लेखी कळवावी. त्या त्रुटीमुळे देय दिनांक बदलणार नाही.’ पीओ क्रमांक तिने या वेळी काम सुरू करण्याआधीच मागून घेतला.